बोलण्याची मिनिटे : तालुक्याच्या गावातला इंग्रजी संभाषणवर्ग

तीस जणांची बॅच आणि एक तासाचा वर्ग. हजेरी, फळ्यावरचा मजकूर उतरवून घेणे आणि सरांचे समजावणे यांत चाळीस मिनिटे गेली, तर उरतात वीस. ती तीस जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस सेकंद येतात. आठवड्याला पाच दिवस, तीन महिने असा वर्ग चालला, तरी एका माणसाचे इंग्रजी बोलणे सगळे मिळून जेमतेम चाळीस मिनिटे भरते. एवढ्या वेळात कुणाचीही जीभ वळणार नाही. गावोगाव चालणारे बहुतेक ‘स्पोकन इंग्लिश’ वर्ग याच हिशोबात अडकतात. शिक्षक मन लावून शिकवतात, व्याकरणही बरोबर सांगतात, आणि तरी तीन महिन्यांनी माणूस बँकेच्या काउंटरवर इंग्रजीत एक प्रश्न विचारायला कचरतो. वही भरलेली असते, तोंड मात्र उघडलेले नसते.

म्हणून या विषयाचा आढावा घेताना मी एकच माप हाताशी धरणार आहे : शिकणाऱ्याच्या वाट्याला रोज बोलण्याची किती मिनिटे येतात. बॅच किती जणांची, फी किती, अभ्यासक्रमात काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे सगळे त्या मापावरूनच ठरते.

आधी शिकायला येणारे कोण, ते पाहू. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. आज पस्तिशी ओलांडलेला माणूस त्या जुन्या पद्धतीत शिकला : धडा वाचायचा, मराठीत अर्थ लिहायचा, काळ ओळखायचे. घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे, पुढे रॅपिडेक्सचे जाड पुस्तक आले. या पुस्तकांनी अनेकांना वाक्यरचना दिली, यात शंका नाही. पण त्यांतले काम कागदावरचे, मराठीतून इंग्रजीत नेण्याचे होते. परिणामी प्रौढ विद्यार्थी कोरा नसतो. त्याला ‘बुक’, ‘टाइम’, ‘प्रॉब्लेम’, ‘अ‍ॅडजस्ट’ असे शेकडो शब्द येतात, दुकानाची पाटी वाचता येते, मोबाइलवरचा संदेश कळतो. अडते ते समोरच्याने प्रश्न विचारल्यावर. उत्तर आधी मराठीत तयार होते, मग त्याचे भाषांतर सुरू होते, आणि तोवर समोरचा माणूस पुढे गेलेला असतो.

अशा माणसाला पुन्हा ए-बी-सी-डीपासून किंवा बारा काळांच्या तक्त्यापासून सुरुवात करून देणे म्हणजे त्याचे पैसे वाया घालवणे. त्याला हवा आहे माहीत असलेल्याच इंग्रजीचा वेगाने वापर करण्याचा सराव.

शिकवण्याच्या पद्धतींचा इतिहासही याच दिशेने गेला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत एक प्रयोग केला. तो बंगलोर प्रकल्प या नावाने ओळखला जातो. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून त्यांनी मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा अशी कामे दिली आणि लक्ष अर्थाकडे असताना भाषा रुजते, हे मांडले. तो प्रयोग मुलांवरचा होता आणि बोलण्यावर त्याचा भर नव्हता, त्यामुळे तो जसाच्या तसा प्रौढांच्या वर्गात आणता येत नाही. पण ‘वाक्य शिकवू नका, काम द्या, काम करताना वाक्य लागेल’ ही त्यातली दृष्टी आपल्या कामाची आहे. दुसरी कामाची गोष्ट म्हणजे किथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे पॉल नेशन यांनी अभ्यासलेली चार-तीन-दोनची रीत. एकच हकीकत चार मिनिटांत सांगायची, मग जोडीदार बदलून तीच तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. नवीन काही शिकवायचे नाही, फक्त वेळ कमी करायचा. अडखळणे कसे कमी होते, ते वर्गात कानाने ऐकू येते.

आता बॅच. माझ्या मते चौदा ही वरची मर्यादा आहे. चौदा जणांच्या सात जोड्या होतात. जोडीकामाच्या वीस मिनिटांच्या एका फेरीत शिक्षकाला प्रत्येक जोडीजवळ सुमारे तीन मिनिटे थांबून ऐकता येते. अठरा जण झाले की मागच्या दोन जोड्या त्या फेरीत ऐकल्याच जात नाहीत, आणि प्रौढ माणसाला आपले कुणी ऐकत नाही हे फार लवकर कळते. आठाच्या खाली गेले तर दोघे गैरहजर असताना वर्ग ओका वाटतो आणि जोडीदार बदलायला माणसे उरत नाहीत.

वर्ग सव्वा तासाचा आणि आठवड्यातून चार दिवस ठेवावा. बारा आठवड्यांत अठ्ठेचाळीस वर्ग, म्हणजे साठ तास होतात. सव्वा तासातली चाळीस मिनिटे जोडीकाम झाले, तर प्रत्येकाला रोज वीस मिनिटे बोलायला मिळतात. अठ्ठेचाळीस वर्गांत ते सोळा तास होतात. सुरुवातीच्या चाळीस मिनिटांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

वेळा गावाच्या दिनक्रमाने ठरतात. सकाळी सातची बॅच पदवीधर मुले, बँकेच्या नि स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आणि शाळेतल्या शिक्षिका यांची. दुपारी अडीचची घरातल्या स्त्रियांची. यांतल्या बऱ्याच जणींना मुलांच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पालकसभेत बोलायचे असते. रात्री साडेआठची दुकानदार, औषधविक्रेते, विमा प्रतिनिधी आणि एमआयडीसीतल्या पर्यवेक्षकांची. आठवडी बाजाराच्या दिवशी रात्रीचा वर्ग ठेवू नये, दुकानदार त्या दिवशी येऊच शकत नाहीत. चार दिवसांचा आठवडा ठेवला की ही सोय आपोआप होते.

वर्षाची आखणी त्याहून महत्त्वाची आहे. तुळशीचे लग्न झाले की पहिली फेरी सुरू करावी, ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते. या काळात माणसे सर्वांत टिकून राहतात. दुसरी फेरी फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंत, पण तिच्यात दहावी-बारावीच्या परीक्षा, शाळांची सुट्टी आणि लग्नसराई येते. मुले घरी असताना दुपारची बॅच ओसरते, म्हणून या फेरीत दुपारचा वर्ग घेऊच नये. तिसरी फेरी जूनमध्ये सुरू करून गणपतीच्या आत संपवावी. गणपती ऑगस्टमध्ये येणार असतील त्या वर्षी जूनच्या पहिल्याच दिवशी आरंभ करावा. गणपतीपासून दिवाळीपर्यंत दुकानदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि ग्रामीण भागात काढणी चालू असते. त्या काळात नवी बॅच उघडली की दोन आठवड्यांत निम्मी होते, आणि ‘तो वर्ग बंद पडला’ ही बातमी गावभर होते.

अशा आखणीत वर्षाला आठ बॅच होतात. फीचा हिशोब इथून करायचा. एक उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, आपापल्या गावाप्रमाणे बदलावेत. खोलीचे भाडे महिना ४,००० रुपये, वीज ८००, छापील पत्रके व जाहिरात १,५००, झेरॉक्स-खडू-किरकोळ ७०० : एकूण ७,०००. शिक्षकाला स्वतःसाठी महिना २५,००० हवेत. मिळून ३२,०००, म्हणजे वर्षाला ३,८४,०००. वर्ग बंद असतानाही भाडे आणि घरखर्च चालूच राहतो, म्हणून हिशोब बारा महिन्यांचा धरायचा. इथे पुष्कळ जण चुकतात. चालू महिन्याच्या जमाखर्चावरून फी ठरवतात आणि ऑक्टोबरमध्ये हात आखडतो.

चौदा जणांना प्रवेश दिला तर दोघे गळतील असे धरून पूर्ण फी देणारे बारा मोजू. आठ बॅच गुणिले बारा, म्हणजे शहाण्णव जण. ३,८४,००० भागिले ९६ बरोबर ४,००० रुपये. ही बारा आठवड्यांची फी. दहाच जण टिकले तर ती ४,८०० करावी लागेल. पंचवीस जण भरले तर १,९२० रुपयांतही भागते, आणि समोरचा वर्ग दोन हजारांची पाटी लावतो तो असाच. त्याच्याशी फीवर स्पर्धा करायला गेले की बॅच फुगवावी लागते, आणि बॅच फुगली की विद्यार्थ्याची वीस मिनिटे जातात. चार हजार रुपये का, हे विचारणाऱ्याला हाच हिशोब समजावून सांगावा. गावातला व्यापारी तो लगेच समजतो.

फी घ्यायची कशी, यावरही टिकणे अवलंबून असते. महिन्या-महिन्याला घेतली तर दुसऱ्या महिन्याची फी हीच सोडून जायची वेळ ठरते. सगळी आधी घेतली तर येणारा बिचकतो, आणि कोण गळतेय याकडे शिक्षकाचे लक्ष राहत नाही. आरंभी २,५०० आणि पाचव्या आठवड्यात १,५०० ही विभागणी मला बरी वाटते. पहिल्या आठवड्यात सोडणाऱ्याला पैसे परत, त्यानंतर नाही. ही अट पावतीवरच छापावी. हप्त्याची तारीख पगारदारांसाठी महिन्याच्या दहाच्या आसपास ठेवावी, आणि दूध घालणाऱ्या घरातून कुणी येत असेल तर दुधाचे बिल हाती पडेपर्यंत थांबावे. एका घरातले किंवा एका दुकानातले दोघे आले तर थोडी सवलत द्यावी, कारण त्यांना वर्गाबाहेर बोलायला माणूस मिळतो.

सरकारी बाजू या आकाराच्या वर्गाला सोपी आहे. शिकवणीवर अठरा टक्के जीएसटी असला, तरी सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणी लागत नाही. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देणे पुरते.

प्रवेशाच्या वेळी लेखी परीक्षा घेऊ नये. पाच मिनिटे एकेकाशी बोलावे आणि परवानगी घेऊन ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. प्रश्न पाच, चढत्या क्रमाने : नाव-गाव, रोजचा दिवस, काल काय केले, पुढच्या महिन्यात काय करणार, आणि शेवटी एखादा ‘का’चा प्रश्न, जसे गावातली बाजारपेठ हलवावी का. ऐकताना व्याकरणाच्या चुका मोजायच्या नाहीत. उत्तर सुट्या शब्दांत येते, एका वाक्यात येते, की वाक्याला वाक्य जोडून येते, एवढेच पाहायचे. पहिल्या दोन प्रकारची माणसे एका बॅचमध्ये चालतात. तिसऱ्या प्रकारचा माणूस त्यांच्यात बसवला की दोन दिवसांत तोच बोलत राहतो आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत बसतात.

वर्गात काय शिकवायचे, याची यादी मी मुद्दाम लहान ठेवीन. स्वतःबद्दल सांगणे आणि दुसऱ्याला विचारणे, आकडे, वेळ, पत्ता, काल घडलेले, उद्याचा बेत, विनंती आणि नम्र नकार, तक्रार, फोनवरचे बोलणे, आणि शेवटचे तीन आठवडे ज्याच्या-त्याच्या कामाचे. साठ तासांत एवढेच नीट होते. केंब्रिजच्या अंदाजानुसार युरोपीय चौकटीतल्या ए-टू या दुसऱ्या पायरीपर्यंत पोचायला सुमारे १८० ते २०० तास मार्गदर्शित शिक्षण लागते. आपला विद्यार्थी शाळेतले बरेच काही घेऊन येतो म्हणून त्याला कमी पुरतात, पण तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीचे वचन त्यालाही देता येत नाही.

चौथ्या आठवड्यातला एक पाठ तपशिलात पाहू : काल घडलेले सांगणे. मराठी बोलणाऱ्याची अडचण इथे ठरावीक असते. ‘मी काल बँकेत गेलो होतो’ हे आपण सहज म्हणतो, म्हणून तो ‘आय हॅड गॉन टू बँक यस्टर्डे’ म्हणतो, जिथे ‘आय वेंट’ पुरते. प्रश्न करताना मराठीत शब्दांची जागा हलत नाही, म्हणून ‘यू व्हेअर वेंट?’ येते, आणि ‘डिड’ शिकवला की लगेच ‘डिड यू वेंट?’ सुरू होते. या तीन चुका ठाऊक असल्या की पाठ कसा बांधायचा ते उमगते.

पहिली दहा मिनिटे कालच्याच पाठाची जोडीत उजळणी. मग शिक्षक स्वतःची कालची हकीकत सहा वाक्यांत सांगतात. फळ्यावर काही लिहीत नाहीत. विद्यार्थी मराठीत सांगतात काय घडले ते, म्हणजे कळले याची खात्री होते. नंतर फळ्यावर दहाच क्रियापदे लिहायची : वेंट, केम, सॉ, मेट, बॉट, गेव्ह, टुक, सेड, एट, पेड. अनियमित क्रियापदांची लांबलचक यादी वाटू नये. गावातल्या कुणाचाही कालचा दिवस या दहांत बऱ्यापैकी मावतो. ‘डिड’ आला की क्रियापद मूळ रूपात परत जाते, हे मराठीत एका वाक्यात सांगावे. मराठीला वर्गात बंदी नसावी. ‘इंग्रजीच बोला, नाहीतर दहा रुपये दंड’ हा नियम लाजऱ्या माणसाला पूर्ण गप्प करतो.

मग प्रश्नांची फेरी. जोडीतल्या एकाने काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय केले, ते दुसऱ्याने केवळ प्रश्न विचारून काढून घ्यायचे : व्हेअर डिड यू गो, हूम डिड यू मीट, व्हॉट डिड यू बाय. प्रश्न विचारणे आधी आणि सांगणे नंतर, कारण बाजारात आणि फोनवर अडते ते विचारतानाच. यानंतर चार-तीन-दोनची फेरी. नवख्यांना चार मिनिटे जड जातात, म्हणून त्यांच्यासाठी ती तीन, दोन आणि दीड मिनिटांची करावी. शिक्षक जोड्यांमधून फिरतात आणि वहीत चुका टिपतात, पण मध्येच टोकत नाहीत. शेवटची पाच मिनिटे त्यांतली तीन वाक्ये, नाव न घेता, फळ्यावर येतात आणि वर्गच ती दुरुस्त करतो. तीनच, दहा लिहिली की पुढच्या दिवशी माणूस बोलण्याआधी मनात वाक्य तपासू लागतो, आणि पुन्हा भाषांतर सुरू होते.

उच्चारांवर किती वेळ द्यावा, हे मला नेहमी विचारले जाते. ‘व’चे दोन इंग्रजी उच्चार किंवा ‘फ’ यावर आठवडे घालवू नयेत, मराठी वळणाचे इंग्रजी जगात समजते. अडचण होते ती आघात चुकला की आणि शब्दाचा शेवट गिळला की. ‘वर्क्ड’चा शेवट ऐकू आला नाही तर कालचे आजचे होते. ऐकण्यासाठी मात्र आठवड्यातून वीस मिनिटे राखावीत. रेल्वे स्थानकावरच्या घोषणा आणि आकाशवाणीचे इंग्रजी बातमीपत्र ही दोन्ही साधने फुकट आहेत. घोषणेतून गाडीचे नाव, फलाट आणि वेळ, एवढेच टिपायला सांगावे.

बिघाड बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो. एखादा माणूस दोनदा गैरहजर राहिला की तिसऱ्यांदा यायला संकोचतो, कारण मागे पडल्याची लाज वाटते. यावर दोन उपाय चालतात. लेखी गृहपाठ द्यायचाच नाही, म्हणजे न केल्याची लाजही नाही. आणि आठवड्याच्या चौथ्या दिवशी नवीन काही न घेता मागच्या तीन पाठांची उजळणी ठेवायची. गैरहजर राहिलेल्याला त्याचा जोडीदारच काय झाले ते इंग्रजीत सांगेल, असे काम द्यावे. दोघांनाही त्यात बोलावे लागते.

दुसरा बिघाड गावाच्या नात्यांतून येतो. दुकानाचा मालक आणि त्याच्याकडचा नोकर, किंवा पन्नाशीचे काका आणि त्यांच्याच गल्लीतली कॉलेजात जाणारी मुलगी एका बॅचमध्ये आली की दोघांपैकी एकजण बोलत नाही. प्रवेशाच्या वेळी कुणाची कुणाशी ओळख आहे हे विचारून त्यांना वेगवेगळ्या वेळी बसवावे. मिश्र बॅचमध्ये पहिले दोन आठवडे स्त्रियांच्या जोड्या स्त्रियांशीच ठेवाव्यात. पुढे वर्गाची भीड चेपली की जोड्या आपसूक बदलता येतात. काका-मावशी म्हणण्याची गावाची रीत वर्गातही राहू द्यावी. साठीच्या माणसाला केवळ नावाने हाक मारायला लावणारा धडा पहिल्याच दिवशी त्याला परका करतो.

बॅच नीट चालली आहे की नाही, हे ओळखायला आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पाहावे : गेल्या दहा मिनिटांत शिक्षक किती बोलले. पाचांपेक्षा जास्त असेल तर पाठाची आखणी बदलावी. शेवटच्या आठवड्यात प्रवेशाच्या वेळचेच पाच प्रश्न पुन्हा विचारून ध्वनिमुद्रण करावे आणि दोन्ही त्या माणसाला एकामागोमाग ऐकवावीत. प्रमाणपत्रापेक्षा त्याला हे जास्त पटते. आणि ज्याच्यात फरक दिसत नाही, त्याच्याशी कारण शोधत मोकळेपणे बोलता येते. बहुतेकदा हजेरीपटातच ते सापडते.

बारा आठवड्यांनंतर या माणसांना वेगाने बोलणारा ग्राहक सेवा केंद्रातला आवाज पूर्ण कळणार नाही, वादविवाद जमणार नाही. मुलाखत पंधरा दिवसांवर असलेल्या उमेदवारासाठीही ही बॅच नाही. त्याला सहा-सात स्वतंत्र तास द्यावेत आणि त्याची फी वेगळी घ्यावी. जे बॅच पूर्ण करतात त्यांच्यासाठी रविवारी सकाळी एक तास सरावाचा ठेवता येतो, महिना २०० रुपयांत. त्यात पाठ नसतो, फक्त आठवड्याची हकीकत, जोडीदार बदलत. त्या तासाला जुन्या बॅचमधले आठ-दहा जण नियमित येऊ लागले, तर पुढच्या फेरीची पत्रके कमी छापली तरी चालतात.